जास्त तंबाखूच्या जिल्ह्यात कॅन्सर कमी कसा?

*सर, मी कांदिवलीला राहते, एका संस्थेसाठी आरोग्याच्या आकडेवारीचं काम करते. राज्यात ज्या सात-आठ ठिकाणची कॅन्सर रजिस्ट्रीची आकडेवारी मिळाली, ती त्या-त्या जिल्ह्यातल्या तंबाखूच्या टक्केवारीसमोर मांडली. रेषा चक्क खाली उतरते. तंबाखू जास्त तिथे तोंडाचा कॅन्सर कमी, आणि मुंबईत तंबाखू कमी तर कॅन्सर जास्त! तीनदा तपासलं, बेरजा बरोबर आहेत. मग तंबाखूने कॅन्सर होतो हे आपल्याकडे लागू पडत नाही असं लिहायचं का? नसेल तर चुकतंय कुठे?*

नाही, तसं लिहू नका. पण तुमच्या बेरजा चुकल्या असतील असंही मला वाटत नाही. आलेख अगदी बरोबर असतो आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकतो, असं या क्षेत्रात वारंवार घडतं. समूहाच्या आकड्यांवरून माणसाबद्दल बोलण्याच्या या चुकीला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. ती कशी घडते ते तुमच्याच आलेखावर पाहू.

तुमच्या आलेखावरचा एक ठिपका म्हणजे एक जिल्हा. त्या ठिपक्यात दोनच गोष्टी आहेत: जिल्ह्यातले किती टक्के लोक तंबाखू वापरतात आणि जिल्ह्यात लाखामागे किती जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. आता वहीच्या पानावर चार खणांची चौकट काढा. वरच्या ओळीत तंबाखू वापरणारे, खालच्या ओळीत न वापरणारे. डावीकडे कॅन्सर झालेले, उजवीकडे न झालेले. तुमच्याकडे या चौकटीच्या कडेच्या बेरजा आहेत. चारही खण रिकामे आहेत. ज्या माणसाला कॅन्सर झाला तो तंबाखू खाणारा होता की नव्हता, हे सांगणारा आकडा तुमच्या फाइलमध्ये कुठेच नाही, आणि तुम्हाला विधान करायचंय ते नेमकं त्या खणांबद्दल.

दोन काल्पनिक जिल्हे घेऊ. आकडे मी सोयीसाठी ठरवलेत, पण गणित खरं आहे. दोन्हीकडे दहा-दहा लाख प्रौढ माणसं. 'क' जिल्ह्यात ४० टक्के लोक तंबाखू वापरतात. न वापरणाऱ्यांत वर्षाला लाखामागे ५ जणांना तोंडाचा कॅन्सर नोंदला जातो, वापरणाऱ्यांत त्याच्या पाचपट, म्हणजे २५. चार लाख वापरणाऱ्यांत १०० रुग्ण, सहा लाख न वापरणाऱ्यांत ३०. एकूण १३०, म्हणजे लाखाला १३.

'ख' जिल्ह्यात फक्त २० टक्के लोक तंबाखू वापरतात. पण तिथे न वापरणाऱ्यांतलाच दर लाखाला १२ आहे. वापरणाऱ्यांत तोच पाचपटीचा हिशेब, म्हणजे ६०. दोन लाख वापरणाऱ्यांत १२० रुग्ण, आठ लाख न वापरणाऱ्यांत ९६. एकूण २१६, म्हणजे लाखाला २१.६.

आता हे दोन ठिपके आलेखावर ठेवा. तंबाखू निम्मी झाली आणि कॅन्सर दीडपटीहून वाढला. तुमची उतरती रेषा तयार. आणि तरीही दोन्ही जिल्ह्यांत, प्रत्येक गावात, तंबाखू खाणाऱ्याचा धोका न खाणाऱ्याच्या पाचपट आहे. रेषेची दिशा ठरवली ती तंबाखूने नाही. न वापरणाऱ्यांचा पायाचा दर एका ठिकाणी ५ आणि दुसरीकडे १२ आहे, त्या फरकाने ठरवली. म्हणजे तुमच्यासमोरचा खरा प्रश्न हा आहे: मुंबईत हा पायाचा दर जास्त का दिसतो?

'दिसतो' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कॅन्सरचा दर म्हणजे झालेला कॅन्सर नव्हे, नोंदलेला कॅन्सर. आपल्याकडे रजिस्ट्रीची माणसं स्वतः रुग्णालयांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, महापालिकेच्या मृत्यू-नोंदणी कार्यालयात जाऊन एकेक नोंद गोळा करतात. मुंबईची रजिस्ट्री इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली, लोकसंख्येवर आधारित अशी देशातली ती पहिली. एवढ्या वर्षांत इथली नोंद पक्की झाली आहे, आणि शहरात बायोप्सी होणारी ठिकाणंही पावलोपावली आहेत. ज्या तालुक्यात तोंडातल्या जखमेचा तुकडा काढून तपासायलाच बस पकडून दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं, तिथे काही माणसं निदान न होताच जातात. मृत्यूच्या दाखल्यावर 'अशक्तपणा' किंवा 'वृद्धापकाळ' येतं. त्या माणसाचा कॅन्सर तुमच्या आलेखात शून्य असतो, त्याची तंबाखू मात्र सर्वेक्षणात मोजलेली असते.

मी उमेदवारीच्या काळात हे नोंदी गोळा करायचं काम केलंय. एक केस पेपर मला आजही आठवतो. गालाच्या आतल्या भागाचा कॅन्सर, वय बावन्न, पत्ता भोईवाड्यातला. मी फॉर्म मुंबईच्या गठ्ठ्यात टाकणार, तेवढ्यात वरिष्ठ ताई म्हणाल्या, "पत्त्यावर 'द्वारा' लिहिलंय बघ. आधी विचार." वॉर्डाबाहेर बायको बसली होती. म्हणाली, "आम्ही परभणीकडचे. भाच्याकडे उतरलोय, औषधपाणी होईस्तोवर." रजिस्ट्रीचा नियम असा की त्या भागात किमान वर्षभर राहणाऱ्यालाच तिथला रहिवासी धरायचं. त्यामुळे तो माणूस मुंबईच्या आकड्यात येणार नव्हता, आणि यायलाही नको होता. पण त्या काळी परभणीत रजिस्ट्री नव्हती. म्हणजे बायोप्सी झालेला, उपचार चालू असलेला हा रुग्ण कुठल्याच जिल्ह्याच्या दरात मोजला गेला नाही. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फिरलात तर अशी माणसं फुटपाथवर, धर्मशाळांत, नातेवाइकांच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत दिसतील. पत्ता नीट विचारला नाही तर मुंबईचा दर फुगतो. नीट विचारला, पण ती नोंद गावाकडच्या रजिस्ट्रीपर्यंत पोचली नाही, तर गावाचा दर घटतो. दोन्ही चुका तुमच्या रेषेला एकाच दिशेने, खाली ओढतात.

हा फरक किती मोठा असू शकतो त्याचा अंदाज यावा म्हणून एक खरा आकडा देतो. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात, २०१२ ते २०१६ या काळासाठी, पुरुषांमधल्या सगळ्या कॅन्सरचा वय-समायोजित दर, म्हणजे तरुण-म्हाताऱ्यांच्या प्रमाणातला फरक काढून टाकलेला दर, मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात लाखाला २६९.४ होता आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५. म्हणजे जवळजवळ सातपट. यातला काही भाग खरा आहे, ईशान्येकडे तंबाखूचं प्रमाण आणि प्रकार दोन्ही वेगळे आहेत. पण सातपटीच्या फरकातला किती भाग शरीरांतला आणि किती भाग कागदांतला, हे त्या दोन आकड्यांकडे कितीही वेळ पाहत बसलं तरी कळत नाही.

मात्र 'गावाकडे नोंदच होत नाही' हे उत्तरही सरसकट लावू नका. बार्शीची रजिस्ट्री १९८७ ची, देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत तिची माणसं स्वतः जातात, लोकांशी बोलतात, कुणाला गाठ आहे का, जखम भरत नाही का, अंगावरून जातंय का असं विचारतात आणि तपासणीला आणतात. त्या नोंदींत स्तनाच्या कॅन्सरचा दर मुंबईपेक्षा खूप कमी दिसतो, पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा दर मुंबईपेक्षा जास्त दिसतो. नुसती नोंद कमी पडत असती तर दोन्ही दर कमी दिसले असते. एक कमी आणि एक जास्त, याचा अर्थ तिथल्या आणि इथल्या बायकांच्या आयुष्यातलं काहीतरी खरोखर वेगळं आहे: लग्नाचं वय, मुलांची संख्या, पहिल्या बाळंतपणाचं वय, अंगावर पाजण्याचा काळ. एका कॅन्सरचा आकडा एकटा पाहिला तर फसगत होते, दुसऱ्या कॅन्सरचा आकडा शेजारी ठेवला की प्रश्नाचा चेहरा बदलतो. ही युक्ती ध्यानात ठेवा, ती तुमच्या कामाला येणार आहे.

तुम्हाला जसा उलटा आलेख मिळाला, तसा एक फार नामांकित आलेख आपल्या क्षेत्रात होऊन गेलाय. तो समजून घेतला तर तुमच्या आलेखाचं काय करायचं ते आपोआप सुचेल.

रेडॉन हा किरणोत्सारी वायू जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो आणि थंड देशांतल्या बंद घरांत, विशेषतः तळघरांत साठतो. युरेनियमच्या खाणीत काम करणाऱ्यांमध्ये त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे आधीच ठाऊक होतं. प्रश्न घरातल्या कमी प्रमाणाचा होता. पिट्सबर्ग विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहेन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या १,६०१ काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांची, घरातली सरासरी रेडॉन-पातळी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू समोरासमोर मांडले. रेषा खाली उतरली. रेडॉन जास्त तिथे मृत्यू कमी. त्यांनी काउंटीतल्या धूम्रपानाची टक्केवारी हिशेबात धरली, पन्नासहून अधिक सामाजिक-आर्थिक घटक एकेक करून तपासले. रेषा उतरतीच राहिली. माणूस प्रामाणिक आणि मेहनती होता, आणि ठिपके तुमच्यासारखे आठ नव्हते, सोळाशे होते.

नंतर माणसांना विचारून केलेले अभ्यास एकत्र आले. २००५ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांचा एकत्रित निकाल प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर झालेले ७,१४८ रुग्ण आणि न झालेले १४,२०८ लोक, प्रत्येकाच्या घरातला रेडॉन मोजलेला, प्रत्येकाचा धूम्रपानाचा इतिहास विचारलेला. मोजमापातल्या अनिश्चिततेची दुरुस्ती केल्यावर घरातला रेडॉन घनमीटरला १०० बेकरेलने, म्हणजे किरणोत्सार मोजायच्या एककाने, वाढला की दर वेळी धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असं निघालं. रेषा चढती होती.

सोळाशे ठिपके खोटे का बोलले? आणि धूम्रपान हिशेबात धरूनही हे कोडं का सुटलं नाही? तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय: 'मग मी जिल्ह्याचं उत्पन्न, शहरीकरण वगैरे मॉडेलमध्ये घातलं तर?' त्याचं उत्तर इथेच आहे.

अशी दोन गावं कल्पा. प्रत्येकी एक लाख माणसं, दोन्हीकडे ३० टक्के लोक सिगारेट ओढतात, दोन्हीकडे निम्म्या घरांत रेडॉन जास्त आणि निम्म्यात नगण्य. न ओढणाऱ्यांत लाखाला ३० मृत्यू, ओढणाऱ्यांत त्याच्या दहापट, आणि जास्त रेडॉनच्या घरात दोघांचाही धोका ३२ टक्क्यांनी वाढतो असं धरू. पहिल्या गावात ओढणारे सगळे कमी रेडॉनच्या घरांत राहतात. दुसऱ्या गावात ते सगळे जास्त रेडॉनच्या घरांत राहतात. सरासरी धूम्रपान तेच, सरासरी रेडॉन तोच. पहिल्या गावात मृत्यू येतात सुमारे ११६, दुसऱ्यात सुमारे १४२. कोहेन यांच्या तक्त्यात ही दोन्ही गावं हुबेहूब सारखी दिसली असती. कारण धोका ठरतो तो 'ओढतो का' आणि 'कुठल्या घरात राहतो' या दोहोंच्या गुणाकाराने, एकेका माणसात. आणि गुणाकाराची सरासरी म्हणजे सरासरींचा गुणाकार नव्हे. जिल्ह्याची टक्केवारी मॉडेलमध्ये घातली म्हणजे तो घटक 'नियंत्रित' झाला, असं समूहाच्या आकड्यांत होत नाही. शिवाय टक्केवारीत कोण दिवसाला दोन ओढतो आणि कोण दोन पाकिटं, कोण तीस वर्षं ओढतोय आणि कोण तीन, हे काहीच येत नाही.

कोहेन यांच्या आलेखाचं गुपित मला सर्वांत पटेल अशा पद्धतीने उघड केलं ते अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ जेरोम पुस्किन यांनी, २००३ मध्ये. त्यांनी नवं मॉडेल बांधलं नाही. त्याच काउंट्यांचा तोच रेडॉन घेतला आणि इतर कॅन्सरसमोर मांडला. धूम्रपानामुळे होणारे इतर कॅन्सर, तोंडाचा, स्वरयंत्राचा वगैरे, तेही जास्त रेडॉनच्या काउंट्यांत कमी निघाले. आणि ज्यांचा धूम्रपानाशी संबंध नाही अशा कॅन्सरमध्ये ती उतरती रेषा दिसलीच नाही. रेडॉन श्वासावाटे फुप्फुसात जातो, त्याने तोंडाचा कॅन्सर कमी व्हावा याला शरीरात काही मार्ग नाही. तेव्हा अर्थ एकच उरतो: ज्या भागांत रेडॉन जास्त तिथले लोक सिगारेट कमी ओढत होते, आणि टक्केवारीने ते पूर्ण पकडलं गेलं नव्हतं. आलेख रेडॉनचा नव्हताच, सिगारेटचा होता.

आता तुमच्या आलेखाकडे या. तुमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे आकडे आहेत, त्याच रजिस्ट्र्यांच्या अहवालात स्तनाच्या आणि थायरॉइडच्या कॅन्सरचेही असतील. तंबाखूची तीच टक्केवारी आडव्या अक्षावर ठेवा आणि उभ्या अक्षावर हे कॅन्सर घ्या. माझा अंदाज आहे की स्तनाच्या कॅन्सरची रेषाही खाली उतरेल, कदाचित तोंडाच्यापेक्षा जोरात. तंबाखू खाल्ल्याने स्तनाचा कॅन्सर टळतो असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे तुमच्या आडव्या अक्षावर नाव तंबाखूचं असलं, तरी त्या अक्षावर प्रत्यक्षात गाव ते शहर असा प्रवास मांडलेला आहे. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला दवाखाना लांब असलेले तालुके. जर थायरॉइडची रेषाही तशीच उतरली तर तपासणी कुठे जास्त होते याचा संशय आणखी बळावतो, कारण थायरॉइडच्या गाठी जितक्या शोधाल तितक्या सापडतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सरही घ्या. बार्शीच्या उदाहरणाप्रमाणे तो उलट चढला, तर 'सगळं नोंदीमुळेच' हेही म्हणता येणार नाही आणि तुम्हाला थांबून विचार करावा लागेल. या तीन-चार आलेखांना अर्धा तास लागेल, पण कुठल्याही रिग्रेशनपेक्षा त्यांतून जास्त कळेल.

त्याआधी मात्र एक साधी गोष्ट करा: मुंबईचा ठिपका काढून रेषा पुन्हा ओढा. सात-आठ ठिपक्यांत एक ठिपका बाकीच्यांपासून लांब कोपऱ्यात असला की रेषा त्याच्याकडे पाहूनच झुकते. मुंबई काढल्यावर उतार नाहीसा झाला, तर तुमचा आलेख 'मुंबई वेगळी आहे' एवढंच सांगतोय. आणि उभ्या अक्षावर वय-समायोजित दरच घेतलाय ना, हेही पाहून घ्या. ज्या तालुक्यातली तरणी माणसं पुण्या-मुंबईला गेली तिथे मागे म्हातारी माणसं जास्त उरतात, आणि कच्चा दर तिथे उगीच चढतो.

काळाचा मुद्दाही तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. आज पन्नाशीत आलेला तोंडाचा कॅन्सर हा वीस-तीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या सवयीचा असतो. तुमच्या सर्वेक्षणातली टक्केवारी मात्र अलीकडची आहे. मुंबईत तंबाखूचं प्रमाण आज कमी दिसत असेल, पण गिरणीत पाळीला जाताना तोंडात तंबाखूची चिमूट धरणारा कामगार आज सत्तरीचा आहे आणि त्याचा कॅन्सर आज मोजला जातोय. त्यातून तो कामगार मूळचा सातारचा, रत्नागिरीचा. सवय गावात लागली, वाढली गिरणगावात, आणि निवृत्तीनंतर गावी परतला असेल तर नोंद झाली तर झाली तिसऱ्याच ठिकाणी. जिल्हा हा आपल्या नकाशावर स्थिर असतो, माणूस त्यात स्थिर नसतो.

आणि 'तंबाखू' या एका रकान्यात काय काय भरलंय तेही पाहा. विदर्भातला खर्रा, सुपारी आणि तंबाखू एकत्र घोटलेला, तासन्‌तास गालात धरलेला. पश्चिम महाराष्ट्रात बायका दातांना लावतात ती मिश्री. कुणी दिवसातून एकदा चुना-तंबाखू मळून खाणारा, कुणी बिडीवाला. सर्वेक्षणात हे सगळे 'होय'. पण गालाच्या आतल्या त्वचेला या 'होय'मधला फरक पुरेपूर कळतो. जिल्ह्याची टक्केवारी जितकी जास्त ढोबळ, तितकी ती रेषा काहीही सांगू शकते.

मग माणसांबद्दल कळणार कसं? माणसांना विचारून. मुंबईत हे फार मोठ्या प्रमाणावर झालंय. १९९१ पासून मुंबई शहरातल्या ३५ वर्षांवरच्या सुमारे दीड लाख लोकांची, मतदार यादी हातात घेऊन, घरोघर जाऊन नोंद केली गेली: काय वापरता, किती, किती वर्षं. काही वर्षांनी त्याच दारांवर पुन्हा जाऊन कोण हयात आहे आणि कोण नाही ते पाहिलं गेलं. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका तंबाखू कधीच न वापरलेल्यांच्या दीडपटीहून जास्त निघाला. सगळे एकाच शहरातले, त्याच रुग्णालयांच्या आणि त्याच मृत्यू-नोंदणीच्या कक्षेतले, त्यामुळे गाव-शहराचा घोळ त्यात नाही. मर्यादा त्यालाही आहेत. पहारेकरी असलेल्या उच्चभ्रू इमारतींत माणसांना शिरता येत नव्हतं म्हणून त्या वगळल्या होत्या, तेव्हा तो अभ्यास सगळ्या मुंबईचा नाही. पण चौकटीचे चारही खण तिथे भरलेले आहेत. तोंडाच्या कॅन्सरचं म्हणाल तर तंबाखू घातलेलं पान कॅन्सरकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने १९८५ मध्येच ठरवलं, आणि तेही अशाच, रुग्ण आणि निरोगी माणसं समोरासमोर ठेवून केलेल्या अभ्यासांच्या आधारावर. त्या पुराव्याला आठ ठिपक्यांच्या रेषेने धक्का लागत नाही.

तुमची मेहनत वाया गेली असं मात्र समजू नका. प्रश्न जेव्हा समूहाचाच असतो तेव्हा समूहाचे आकडेच लागतात. कुठल्या जिल्ह्यात किती रुग्ण अपेक्षित आहेत, रेडिएशनचं मशीन कुठे हवं, कुठली माणसं उपचारासाठी चारशे किलोमीटर येतात, याची उत्तरं एकेका माणसाला विचारून मिळत नाहीत. आणि तुमच्या आलेखातून मला एक खरोखर उपयोगी गोष्ट दिसते: ज्या जिल्ह्यांत तंबाखू भरपूर आहे आणि तोंडाचा कॅन्सर संशयास्पद इतका कमी नोंदला जातोय, ते जिल्हे. तिथे बायोप्सी कुठे होते, वर्षाला किती होतात, तिथले किती रुग्ण 'द्वारा' पत्ता देऊन मुंबईत उतरलेत, हे पाहायला हवं. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत रुग्णाचा मूळ जिल्हा लिहिलेला असतो. परवानगी काढून, नावं वगळून तेवढी मोजणी मिळाली आणि त्या जिल्ह्याच्या रजिस्ट्रीच्या आकड्याशेजारी ठेवली, तर नोंदीतली गळती किती ते पहिल्यांदाच आकड्यात मांडता येईल.

तोवर अहवालात तो आलेख ठेवायचाच असेल तर ठेवा, पण त्याखाली मी एवढं लिहीन: 'ही तुलना जिल्ह्यांची आहे. तंबाखू वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या व्यक्तींची तुलना या आकड्यांतून होऊ शकत नाही. रजिस्ट्रीची व्याप्ती आणि निदानाची सोय जिल्ह्यागणिक वेगळी आहे. मुंबई वगळून काढलेली रेषा आणि याच जिल्ह्यांतल्या स्तनाच्या कॅन्सरचा आलेख सोबत दिला आहे.' आणि ते दोन्ही आलेख खरोखर सोबत द्या, त्याच पानावर, त्याच आकारात.